२८ वर्षांचा अनुभव समोर बसलाय, आणि प्रश्न तुम्हाला विचारायचेत



आपल्या बॅचमधला एक मित्र आहे, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत त्याचं मशिनिंगचं युनिट आहे. वय ३१. चार सीएनसी टर्निंग मशिन, एक व्हीएमसी, दोन शिफ्ट मिळून अकरा माणसं. फाउंड्रीकडून कास्टिंग येतं, हा त्यावर मशिनिंग करून परत देतो, पीसमागे मजुरी मिळते. सकाळी आठ ते रात्री साडेअकरा स्वतःच शॉपवर उभा असायचा, म्हणून सुपरवायझर शोधत होता.

एक दिवस रात्री दहाला त्याचा फोन. "सर, आज इंटरव्ह्यू झाला."

म्हटलं, "कसा झाला?"

"माझाच झाला, सर."

झालं असं की आलेले गृहस्थ ५४ वर्षांचे. २८ वर्षांचा अनुभव, दोन मोठ्या कंपन्या, शेवटच्या ठिकाणी हाताखाली चाळीस माणसं. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, दहा मिनिटं आधीच हजर. आपला मित्र खुर्चीतून उठला आणि त्याच्या तोंडून निघालं, "या काका, बसा." तिथून पुढे चाळीस मिनिटं काका बोलत होते आणि हा मान हलवत होता. मध्ये त्यांनी विचारलं, टर्नओव्हर किती? याने सांगितला. मशिनवर लोन किती राहिलंय? तेही सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्याकडे सीपीके वगैरे काढतात का?" हा म्हणाला, "हो, म्हणजे, करायचंय." शेवटी त्यांनी ५५ हजार सांगितले आणि हा म्हणाला, "बघू, होऊन जाईल."

त्याच्या बजेटमध्ये ४५ च्या वर एक रुपया नव्हता.

हसू नका. मीही हे केलंय. २७ वर्षांचा असताना मी एका ५८ वर्षांच्या अकाउंटंटचा इंटरव्ह्यू घेतला. त्यांच्या मोठ्या मोठ्या फर्मची नावं ऐकूनच मी गार झालो, आणि टॅली येतं का एवढं साधं विचारायचं राहून गेलं. त्यांना येत नव्हतं. तीन महिने ते सगळ्या एंट्री सुंदर अक्षरात वहीत लिहीत होते आणि रात्री मी त्या कॉम्प्युटरवर टाकत होतो. चूक त्यांची नव्हती. त्यांनी कधी येतं म्हटलंच नव्हतं.

भीती नेमकी कशाची वाटते

आपल्या डोक्यात इंटरव्ह्यू म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा घेणाऱ्याला परीक्षा देणाऱ्यापेक्षा जास्त आलं पाहिजे. मग समोर जास्त येणारा माणूस बसला की आपण घाबरतो, आता आपलंच पितळ उघडं पडणार.

पण घर बांधताना तुम्ही गवंडी ठरवता तेव्हा काय करता? तुम्हाला वीट लावता येत नाही. गवंडी साठीचा आहे, त्याने शंभर घरं बांधलीत. तरी तुम्ही घाबरत नाही. कारण प्लॉट तुमचा आहे, पैसा तुमचा आहे, आणि स्वयंपाकघर कुठल्या बाजूला हवं हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही त्याने बांधलेली दोन घरं बघून येता, भिंतीला ओल आली होती तेव्हा काय केलं विचारता, आणि ठरवता. त्याचं ज्ञान तुम्ही मोजत नाही. तुमच्या घराला तो लागू पडतो का, एवढंच बघता.

मशिनिंगमध्ये ते गृहस्थ सिनियर होते, यात शंकाच नाही. पण शिरोलीतल्या त्या एका शॉपमध्ये काय बिघडलंय, या विषयात आपला मित्र सिनियर होता. अडचण एवढीच की तो स्वतःचा विषय घरी ठेवून त्यांच्या विषयात बोलायला बसला.

मी त्याला म्हटलं, पुन्हा बोलव. तो म्हणाला, "सर, कुठल्या तोंडाने?" मी म्हटलं, खरं सांग. फोन करून म्हण, पहिल्या भेटीत कामाचं नीट सांगायचं माझ्याकडून राहिलं, पगाराचंही बोलायचंय, आणखी एक तास बसू, या वेळी शॉपवरच या. त्यांनी लगेच हो म्हटलं. अनुभवी माणसाला दुसऱ्यांदा बोलावलं तर राग येत नाही, उलट समोरचा विचार करतोय असं वाटतं.

आधी एक कागद

दुसऱ्या भेटीआधी त्याला एक कागद लिहायला लावला. आधी त्याने लिहून आणलं: "किमान दहा वर्षांचा अनुभव, लीडरशिप, क्वालिटीची जाण." मी ते खोडलं. हे कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत चालेल. मी विचारलं, हा माणूस ठेवल्यावर सहा महिन्यांनी तुझ्या शॉपमध्ये काय वेगळं दिसलं पाहिजे?

मग जरा वेळ लागला, पण तीन ओळी आल्या.

पहिली: बेअरिंग हाउसिंगचा पार्ट महिन्याला साधारण २,४०० पीस जातो, त्यातले १३० रिजेक्ट होतात, ते ५० च्या आत यावेत. दुसरी: सेकंड शिफ्ट मला फोन न करता चालावी. तिसरी: दिवाळीपर्यंत दोन ऑपरेटर सेटिंग शिकलेले असावेत.

आणि खाली पैसे. कास्टिंगमध्येच दोष असेल तर तो फाउंड्रीच्या खात्यावर, पण मशिनिंगमध्ये पीस बिघडला तर फाउंड्री कास्टिंगची किंमत याच्या बिलातून कापते. मागच्या डेबिट नोटमध्ये ७६ पीस होते, पीसला ५०० रुपये, म्हणजे ३८,००० रुपये. शिवाय त्या पिसांची मजुरी गेली ती वेगळीच.

हा कागद टेबलावर ठेवून बसलं की फरक पडतो बघा. समोरचा म्हणाला, मी अमुक कंपनीत हे केलं, ते केलं, तर आपण मनात कागदाकडे बघायचं. यातल्या कुठल्या ओळीला ते लागू पडतंय? पडत नसेल तर कौतुकाने ऐकायचं आणि पुढे जायचं. ५५ हजारांचा आकडा आला तरी आता तोलायला समोर काहीतरी असतं.

पहिली दोन मिनिटं

आता हाक काय मारायची? काका म्हणू नका. काका म्हटलं की तुम्ही पुतणे झालात, आणि पुतण्या पगाराची घासाघीस करू शकत नाही. नुसतं नाव घेऊन बोलणंही आपल्याकडे बरं दिसत नाही, ते कॉर्पोरेटवाल्यांना शोभतं. आडनाव आणि साहेब, आणि 'तुम्ही'. मान राहतो आणि नातं कामाचं राहतं. ते तुम्हाला 'अरे बाळा' म्हणाले तर तिथेच सुधारत बसू नका. तुम्ही आडनाव-साहेब चालू ठेवा, दहा मिनिटांत बहुतेक जण आपोआप 'तुम्ही'वर येतात. नाही आले तर तेवढं लक्षात ठेवा, कारण उद्या ऑपरेटरसमोर तीच हाक येणार आहे.

सुरुवातीला काय म्हणायचं हे मी त्याला अक्षरशः लिहून दिलं होतं. "साहेब, मशिनिंगमधला तुमचा अनुभव माझ्यापेक्षा खूप जास्त आहे, तो तपासायला मी बसलेलो नाही. माझ्या शॉपची अडचण सांगतो, आणि तुम्ही ती कशी हाताळाल ते मला समजून घ्यायचंय. आधी अर्धा तास मी विचारतो, मग तुम्ही मला विचारा."

यात दोन गोष्टी होतात. तुम्हाला कमी येतं हे तुम्हीच बोलून टाकल्यामुळे लपवायला काही उरत नाही. आणि कोण आधी विचारणार हे ठरून जातं. मध्येच त्यांनी टर्नओव्हर विचारला तर "सांगतो साहेब, तुमच्या अर्ध्या तासात" एवढं म्हणता येतं.

'आम्ही'मधला 'मी' शोधा

त्याचा पहिला प्रश्न होता: "गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही कमी केलेलं एखादं रिजेक्शन सांगा. एकच पार्ट घ्या." एकच पार्ट, हे महत्त्वाचं. "तुमचा अनुभव सांगा" म्हटलं की तीस मिनिटांचं आत्मचरित्र येतं. एक पार्ट म्हटलं की माणूस मशिनसमोर जाऊन उभा राहतो.

उत्तर आलं, "आम्ही तिथे क्वालिटी सर्कल बसवलं, सिस्टिम लावली, रिजेक्शन निम्म्यावर आणलं."

पहिल्या भेटीत इथे मान हलली असती. या वेळी त्याने विचारलं, "त्यात तुमच्या स्वतःच्या हातून काय झालं, साहेब?" आणि गप्प बसला. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. मोठा माणूस समोर शांत बसला की आपल्याला उद्धटपणा केल्यासारखं वाटतं आणि आपणच काहीतरी बडबडतो. बडबडू नका. ते आठवत असतात.

पाच-सात सेकंदांनी ते बोलायला लागले. एका हबच्या पार्टवर इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, कधी बदलायचं हे ठरलेलं नव्हतं. ऑपरेटर ते तुटेपर्यंत चालवायचे. हे आठवडाभर दोन्ही शिफ्टला उभे राहिले आणि पीस मोजले. साधारण १८० पिसांनंतर माप हलायला लागायचं. म्हणून दीडशेला बदलायचा नियम केला.

"मग लोकांनी ऐकलं?"

"छे. पहिला महिना कोणी ऐकलं नाही. स्टोअरवाला नवीन इन्सर्ट देईना, म्हणाला खर्च वाढला. मग रिजेक्ट पिसांची किंमत आणि इन्सर्टची किंमत एका कागदावर लिहून त्याच्या टेबलावर चिकटवली."

मित्रांनो, आपल्या मित्राला त्या क्षणी इन्सर्टबद्दल त्यांच्याएवढं कळत नव्हतं. तरी हे उत्तर खरं आहे हे त्याला कळलं. त्यात आकडा होता, अडवणारा माणूस होता, आणि पहिला प्रयत्न फसल्याचं होतं. ज्याने काम स्वतः केलेलं नसतं त्याच्या गोष्टीत स्टोअरवाला कधी आडवा येत नाही, सगळं सुरळीत होतं. उलट तपासायचं ते एवढंच: दोन प्रश्न खोल गेलं की तपशील वाढतात की संपतात?

आता ते सीपीके. त्याने सरळ विचारलं, "साहेब, हा शब्द मी नुसता ऐकलाय. माझ्या या पार्टवर समजावून सांगाल?" त्यांनी कागद ओढला आणि दोन रेघा काढल्या. म्हणाले, "या बोअरला, म्हणजे या आतल्या भोकाला, तीस मायक्रॉनची सूट आहे. हा तुमचा रस्ता. तुमचे पीस म्हणजे गाडी. गाडी किती रुंद आहे, आणि ती मधून चालतेय की कडेने, हे मिळून सीपीके. रुंद गाडी कडेने चालली की खड्ड्यात."

दोन मिनिटांत समजलं. आणि त्याला आणखी एक गोष्ट समजली, हे गृहस्थ आयटीआय झालेल्या पोरांनाही शिकवू शकतील. कागदावरची तिसरी ओळ तीच होती ना? तेव्हा न कळलेला शब्द आला की तो लपवू नका, तोच विचारा. तुम्हाला समजावता न येणारा माणूस तुमच्या कामगारांनाही समजावू शकणार नाही. आणि "ते टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळायचं" असं उत्तर आलं तर तेही उपयोगाचंच उत्तर आहे.

टेबलावर पाच पीस

त्यानंतर ते शॉपवर गेले. मित्राने बेअरिंग हाउसिंगचे पाच रिजेक्ट पीस, ड्रॉइंग आणि बोअर मोजायचं गेज टेबलावर मांडून ठेवलं होतं. ड्रॉइंगवर बोअर ६२ एच-७. म्हणजे माप ६२ च्या खाली जायचं नाही आणि ६२.०३० च्या वर जायचं नाही. ही सूट केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. तो म्हणाला, "हे मागच्या आठवड्याचे. तुम्ही बघा, आणि बघता बघता मोठ्याने बोला."

सोडवून दाखवा असं म्हटलं नव्हतं, हे लक्षात घ्या. अर्ध्या तासात कोणी दुसऱ्याच्या शॉपचा दोष सोडवत नसतो. माणूस अडचणीपाशी कसा जातो, ते बघायचं असतं.

त्यांनी आधी पीस उजेडात फिरवले. दोन बाजूला काढले. "हे तुमचे नाहीत. ब्लो होल आहे, कातल्यावर उघडं पडलंय. हे फाउंड्रीचं. तुमच्या १३० मध्ये असे किती?"

आपल्या मित्राला सांगता येईना. शॉपवर सगळे एकाच लाल ट्रेमध्ये पडायचे, कास्टिंगचे आणि मशिनिंगचे वेगळे मोजलेच जात नव्हते. फाउंड्रीची डेबिट नोट महिना-दीड महिन्याने यायची, तोवर कोणाला काय आठवणार? फाउंड्री म्हणेल ते मान्य.

मग उरलेले तीन पीस गेजने वेगवेगळ्या दिशांनी मोजले. भोक पूर्ण गोल नव्हतं. त्यांनी विचारलं, हे कुठल्या शिफ्टचे? माप कधी घेता, पीस चकमध्ये असताना की काढल्यावर? चकचं प्रेशर कोण ठेवतं, आणि ते कुठे लिहून ठेवलंय का? भिंत पातळ आहे, चकने जोरात आवळलं की पीस दबतो, त्या अवस्थेत बोअर गोल कातला जातो आणि सोडल्यावर पीस परत फुगून भोक वाकडं होतं, असंही असू शकेल. शेवटी म्हणाले, "पण बघितल्याशिवाय सांगत नाही. सेकंड शिफ्टला येऊन बघावं लागेल."

दोन दिवसांनी आणखी एक उमेदवार आला होता. २२ वर्षांचा अनुभव, बोलण्यात एकदम तयार. त्यालाही तेच पाच पीस, तेच ड्रॉइंग. त्याने दोन पीस उचलले आणि म्हणाला, "ऑपरेटरला अक्कल नाही. माझी चार माणसं आहेत, त्यांना घेऊन येतो, महिन्यात सरळ करतो." गेजला हात लावला नाही. एकही प्रश्न विचारला नाही. आणि चार माणसं त्याची म्हणजे उद्या तो गेला की चारही गेली.

सगळ्यांना तेच काम आणि तेच प्रश्न द्यायचे ते यासाठी. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९८ मध्ये माणसं निवडण्यावरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. पुढे काम कसं होईल याचा अंदाज बांधायला नुसती अनुभवाची वर्षं त्यात बरीच दुबळी ठरली, आणि कामाचा नमुना करून बघणं आणि सगळ्यांना ठरवून तेच प्रश्न विचारणं, या दोन गोष्टी पुष्कळ जास्त उपयोगी ठरल्या. म्हणजे ज्या २८ या आकड्याला आपण घाबरतो, तो आकडा आपल्याला वाटतो तेवढं काही सांगतच नाही.

तुमचा धंदा वेगळा असेल तर पाच पिसांच्या जागी तुमची वस्तू ठेवा. बेकरी असेल तर काल नीट न फुगलेला पाव आणि त्याची रेसिपी. अकाउंटंट हवा असेल तर एका महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि त्याच्याशी न जुळणारं लेजर, पार्टींची नावं झाकून. एक मात्र पाळा. फुकट सल्ला काढून घेण्यासाठी लोकांना इंटरव्ह्यूला बोलावू नका. असे मालक आहेत, आणि एमआयडीसीत ते सगळ्यांना माहीत असतात.

अवघड प्रश्न

आता जे विचारायला जीभ अडखळते ते. मोठ्या कंपनीतून तुम्ही माझ्या छोट्या शॉपमध्ये का येताय? कमी पगारात टिकाल का? माझं ऐकाल का?

शेवटचा असा विचारायचाच नाही. "मी वयाने लहान आहे, चालेल ना?" म्हटलं तर "छे छे, त्यात काय" हेच उत्तर येणार. त्याने असं विचारलं: "तुमचं आणि मालकाचं किंवा प्लांट हेडचं पटलं नाही, आणि शेवटी त्यांचंच झालं, असा एक प्रसंग सांगा. त्यानंतर तुम्ही काय केलंत?" त्यांनी सांगितलं. एका मशिनच्या जागेवरून वाद झाला होता. त्यांना जागा चुकीची वाटत होती, तरी वरून ठरल्यावर त्यांनी मशिन तिथेच बसवलं, आणि सहा महिन्यांनी त्रास झाला तेव्हा "मी सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत. "म्हणावंसं खूप वाटलं," असं मात्र हसून म्हणाले.

मोठ्या कंपनीतून येणाऱ्याला आणखी एक विचाराच: "मशिनवर स्वतः सेटिंग शेवटचं कधी केलंत?"

ते थांबले. म्हणाले, "नऊ-दहा वर्षं झाली असतील. तिथे सेटर वेगळे, मेंटेनन्स वेगळं, क्वालिटी वेगळी."

इथे खरी अडचण होती. पहिल्या भेटीत तिचा पत्ताच लागला नव्हता. अकरा माणसांच्या शॉपमध्ये सुपरवायझरला सकाळी सेटिंग, दुपारी डिस्पॅच आणि संध्याकाळी बंद पडलेला कूलंट पंप, सगळं बघावं लागतं. चाळीस जणांचा साहेब हे करेल का? मित्राने तसंच विचारलं. ते म्हणाले, "हात बसायला आठवडा लागेल. लाज नाही वाटणार." आणि का येताय याचंही उत्तर आलं. मुलीचं लग्न झालंय, आई इथे कोल्हापुरात आजारी असते, पुण्याला परत जायचं नाही. ४५ हजारांत भागेल का, यावर ते लगेच हो म्हणाले नाहीत, घरी बोलून सांगतो म्हणाले. मला ते आवडलं. पटकन हो म्हणणारा सहा महिन्यांत पटकन सोडतोही.

त्यांच्या अर्ध्या तासात त्यांनी परत लोनचं विचारलं. अनुभवी माणूस तुमचाही इंटरव्ह्यू घेणारच, उतारवयात त्याला बुडणाऱ्या जहाजात चढायचं नसतं. पण सगळा हिशेब मांडायची गरज नाही. "पगार गेली तीन वर्षं सात तारखेच्या पुढे गेलेला नाही, शॉपमधल्या कोणालाही विचारा" हे त्याने दिलेलं उत्तर पुरेसं होतं. पार्टीचा रेट आणि बँकेचं खातं नेमणुकीआधी कोणालाही सांगू नका.

खुर्चीत बसून होकार देऊ नका

पगाराला त्याच बैठकीत हो म्हणायचं नाही. आपण भारावलेले असतो. "दोन दिवसांत सांगतो" म्हणा आणि खरंच दोन दिवसांत सांगा. मधल्या काळात त्याने दोन फोन केले, त्यांची परवानगी घेऊन: एक त्यांच्या जुन्या प्लांट हेडला आणि एक त्यांच्या हाताखाली काम केलेल्या सेटरला. दुसरा फोन जास्त कामाचा. वरच्या साहेबाला माणूस कसा दिसतो आणि खालच्याला कसा दिसतो, यात फार अंतर असतं. सेटरने सांगितलं, "तापट आहेत, पण चुकलं तर येऊन सांगतात की माझं चुकलं." तापट, हे त्याने कागदावर लिहून ठेवलं.

मग दोन दिवस ट्रायल, दिवसाला १,७५० रुपये रोख, सेकंड शिफ्टला. पहिल्या दिवशी पाचपर्यंत ते मागे हात बांधून फिरत होते आणि मित्राच्या पोटात गोळा आला होता. सहाच्या सुमारास त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि ऑपरेटरला म्हणाले, "सरक जरा, मला जॉ बदलू दे." पाना दोनदा हातातून सुटला. पोरं हसली, तेही हसले.

चकचं प्रेशर पहिल्या शिफ्टला १४ होतं, दुसऱ्या शिफ्टला २२. कधीतरी रात्री एक पीस चकमधून निसटला होता, तेव्हापासून घाबरून तो ऑपरेटर वाढवून ठेवायचा. कोणाला सांगितलं नव्हतं, आणि विचारलंही कोणी नव्हतं. घासलेले जॉ बदलले, प्रेशर मशिनवर लिहून चिकटवलं.

४५ हजारांवर ठरलं, तीन महिने प्रोबेशन, आणि कागदावरच्या त्या तीन ओळी नेमणूकपत्राला जोडल्या. तिसऱ्या महिन्याच्या डेबिट नोटमध्ये ७६ चे ३१ पीस झाले होते. ब्लो होलवाले पीस आता वेगळ्या ट्रेमध्ये पडतात आणि त्याच आठवड्यात फाउंड्रीला परत जातात. सेकंड शिफ्टचा फोन अजून येतो, आठवड्यातून दोनदा तरी. तापटपणाही अधूनमधून दिसतो, एक हेल्पर सोडून गेला.

परवा मी शॉपवर गेलो तेव्हा दोघांचं वाजलं होतं. त्यांना बोअरसाठी एअर गेज हवंय, आणि आपला मित्र म्हणत होता, "साहेब, दिवाळीनंतर." ते पुटपुटत मशिनकडे गेले. चहाच्या वेळी तो त्यांना काका म्हणतो, शॉपवर साहेब.